रविवार, दि. 22 सप्टेंबर

2025 साली 22 सप्टेंबरला सोमवार होता आणि त्याच दिवशी घटस्थापना होती. पुण्याच्या पश्चिम भागातल्या 64 सदनिकांच्या एका सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या नोटिशीत मात्र वार्षिक सर्वसाधारण सभा ‘रविवार, दि. 22 सप्टेंबर 2025 रोजी सकाळी ठीक 10 वाजता’ भरणार, असे छापले होते. म्हणजे जो दिवस पंचांगात नव्हता, त्या दिवशी सभा बोलावली गेली होती. सोसायटीचे नाव इथे देत नाही आणि ओळखीच्या खुणाही पुसल्या आहेत. कारण असली चूक कुठल्याही सोसायटीत होते, बहुतेक दरवर्षी होते. पुढचे पाच दिवस ती कशी निस्तरली, हे मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे.

चूक कशी झाली हे शोधायला फार वेळ लागला नाही. सचिव बँकेतून निवृत्त झालेले, कामाला चोख. त्यांनी 2024 ची नोटीस संगणकावर उघडली, साल बदलले, हिशेबाचे वर्ष बदलले, लेखापरीक्षकाचे नाव बदलले आणि प्रिंट काढली. 2024 साली 22 सप्टेंबरला खरोखरच रविवार होता. वर्ष पुढे सरकले की तीच तारीख एका वाराने पुढे जाते, लीप वर्षाची 29 फेब्रुवारी मध्ये आली तर दोन वारांनी. व्यवस्थापक समितीने ठरवलेली तारीख होती रविवार, 21 सप्टेंबर. नोटिशीत वार बरोबर उतरला आणि आकडा जुनाच राहिला.

नोटीस मंगळवारी, 2 सप्टेंबरला निघाली. गणपतीचे दिवस. वॉचमनने घरोघर जाऊन पोच वहीत सह्या घेतल्या, एक प्रत लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर लागली आणि एक पीडीएफ सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली. दोन दिवस कुणालाच काही खटकले नाही. गुरुवारी तिसऱ्या मजल्यावरच्या एक काकू ती तारीख कालनिर्णयवर लिहायला गेल्या, तेव्हा त्यांना 22 च्या चौकोनात घटस्थापना दिसली आणि वर सोमवार दिसला.

तोवर लोकांची दोन टोळ्यांत वाटणी झालेली होती. वार लक्षात ठेवणारे 21 तारीख धरून होते, तारीख लक्षात ठेवणारे 22. नोकरदार मंडळी सहसा वार धरतात, कारण त्यांची सुट्टी वाराला बांधलेली असते. ज्यांना गावाहून यायचे असते, ते तारीख धरतात, कारण तिकीट तारखेचे काढायचे असते. या सोसायटीचे पाच सभासद बाहेरगावी राहत होते आणि त्यांतल्या नागपूरच्या एकाने 21 च्या रात्रीच्या गाडीचे आरक्षण करूनही टाकले होते. ही गाडी पुण्याला पोचेपर्यंत सभा होऊन गेलेली असणार होती. शिवाय एक तिसरा गटही होता, जो प्रत्येक सोसायटीत असतोच. समितीने मुद्दाम कामाच्या दिवशी, तेही घट बसायच्या सकाळी सभा ठेवली, म्हणजे कुणी येणार नाही आणि हिशेब आपोआप मंजूर होतील, असे या गटाचे म्हणणे. अशा शंकेला शुद्धिपत्रकाने उत्तर द्यायचे असते, पण तिचा उल्लेख न करता. हे जमवणे हीच यातली खरी कारागिरी आहे.

सचिवांचा पहिला विचार साधा होता: ग्रुपवर एक ओळ टाकू, ‘सभा 21 ला आहे, 22 चुकून पडले’. त्यांना थांबवले ते सोसायटीचे जमाखर्च पाहणाऱ्या बाईंनी. त्यांनी विचारले, “साहेब, एकवीस ठरली होती हे लिहिलेलं कुठं आहे?”

शुद्धिपत्रक काढण्याआधी विचारायचा प्रश्न हाच. बरोबर गोष्ट चुकीच्या आधी कुठेतरी नोंदलेली असेल, तर ती चूक, आणि तिची दुरुस्ती करता येते. तशी नोंद नसेल, तर आपण दुरुस्ती करत नाही, नवा निर्णय घेत आहोत, आणि त्यासाठी समितीचा ठराव लागतो. सभागृह मिळाले नाही म्हणून जागा बदलली, अध्यक्ष परगावी जाणार म्हणून तारीख पुढे ढकलली, हे सगळे बदल आहेत. त्यांना ‘टंकलेखनातील चूक’ म्हणून खपवायची सवय फार जुनी आहे आणि फार घातक आहे. सभासदांना बदलाचा राग येत नाही, तो लपवल्याचा येतो. शिवाय पुढच्या वेळी खरोखरची टंकचूक झाली, तरी तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

इथे नोंद होती. 24 ऑगस्टच्या समितीच्या बैठकीच्या इतिवृत्तात स्पष्ट लिहिले होते: वार्षिक सभा रविवार, दि. 21 सप्टेंबर, सकाळी 10. त्यामुळे हे शुद्धिपत्रकच, हे पक्के झाले.

दुसरा प्रश्न दिवसांचा. आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस 14 पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. पूर्ण दिवस म्हणजे नोटीस दिल्याचा दिवस धरायचा नाही आणि सभेचा दिवसही धरायचा नाही, मधले दिवस मोजायचे. 21 सप्टेंबरच्या सभेसाठी मागे मोजत गेलो, तर 20 पासून 7 पर्यंत चौदा दिवस होतात. म्हणजे नोटीस हातात पडण्याचा शेवटचा दिवस 6 सप्टेंबर. मूळ नोटीस 2 तारखेची होती, तिला तब्बल 18 पूर्ण दिवस मिळत होते. प्रश्न असा, की दिवस नोटिशीपासून मोजायचे की शुद्धिपत्रकापासून?

यावर वाद घालता येतो आणि सभेत घातलाही जातो. वार बरोबर होता, सगळे समजून घेणारे होते, वगैरे. पण सावध सचिव वादाला जागाच ठेवत नाही. तो असे धरून चालतो की, ज्या नोटिशीत सभेचा दिवसच चुकला, ती नोटीस बरोबर दिवसापुरती अजून दिलेलीच नाही. त्यामुळे शुद्धिपत्रकच चौदा दिवसांच्या अटीत बसले पाहिजे. गुरुवार 4 तारखेला चूक सापडली, म्हणजे हातात शुक्रवार आणि शनिवार होते. आणि 6 सप्टेंबरचा शनिवार म्हणजे अनंत चतुर्दशी. पुण्यात त्या दिवशी कुणाला घरी गाठणे म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगायला नको.

6 तारीख चुकली असती तर? मग 21 ची सभा धरून ठेवण्यात अर्थ नव्हता. पुढचा रविवार 28 सप्टेंबर, त्यासाठी नोटीस 13 पर्यंत. पण त्याच्या पुढे भिंत होती. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घेणे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 75 ने बंधनकारक आहे आणि ती न घेतल्यास समितीच्या सदस्यांवर अपात्रतेची कारवाई होऊ शकते. सप्टेंबरात रविवार मोजकेच, त्यांत गणपती, पितृपक्ष, नवरात्र. एका आकड्याची चूक दुरुस्त करायला सोसायटीकडे दोन दिवस होते ते यामुळे.

आणखी एक गोष्ट लोकांच्या सहज ध्यानात येत नाही. चुकीची तारीख खऱ्या तारखेच्या आधीची आहे की नंतरची, यावर सगळा धोका अवलंबून असतो. समजा, नोटिशीत 20 छापले असते आणि सभा 21 ला असती. ज्याला शुद्धिपत्रक मिळाले नाही, तो शनिवारी येऊन कुलूप पाहून परत गेला असता, चिडला असता, पण रविवारी पुन्हा येऊ शकला असता. इथे उलट होते. छापलेली तारीख उशिराची, खरी आधीची. ज्याला दुरुस्ती कळली नाही, तो 22 ला येणार आणि सभा उरकलेली असणार. आधीच्या तारखेची चूक दारावरच्या पाटीने सांभाळता येते. उशिराच्या तारखेच्या चुकीत प्रत्येक सभासदाला जातीने गाठावे लागते, पाटी लावून काही उपयोग नाही.

शुक्रवारी शुद्धिपत्रक लिहायला बसले. अध्यक्षांनी केलेला पहिला मसुदा मला पाहायला मिळाला. त्याचा मथळा होता ‘अत्यंत महत्त्वाची सूचना’ आणि पहिले वाक्य असे: ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, संस्थेने दि. 2/9/2025 रोजी काढलेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीमध्ये छपाईच्या दोषामुळे रविवार दि. 22 सप्टेंबर 2025 असे नमूद झाले असल्याचे काही सभासदांनी निदर्शनास आणून दिले असून तरी सभासदांनी कोणताही गैरसमज करून न घेता सदर तारीख 22 ऐवजी 21 अशी वाचावी.’

वाक्य व्याकरणाने कसेबसे उभे राहते, पण कामाला उलटे आहे. लिफ्टची वाट पाहत बोर्डाकडे नजर टाकणाऱ्याला या कागदावर सगळ्यात आधी पुन्हा तीच चुकीची तारीख दिसते, तीही वारासकट. खरी तारीख वाक्याच्या शेवटी येते, आणि तिथेही नुसता ‘21’ हा आकडा, महिना नाही, वार नाही, वेळ नाही. ‘छपाईच्या दोषामुळे’ हे खरे नव्हते. प्रिंटरने दिले तेच छापले होते. ‘काही सभासदांनी निदर्शनास आणून दिले’ यातून काकूंकडे बोट जाते आणि उगाच एक चर्चा सुरू होते. आणि ‘गैरसमज करून न घेता’ हे तर सगळ्यात वाईट. ज्याच्या मनात गैरसमज नव्हता, तोही हे वाचून थबकतो आणि विचारतो, कसला गैरसमज?

या मसुद्याचे मूळ सरकारी शुद्धिपत्रकात आहे. शासन निर्णयाच्या शुद्धिपत्रकात आधी मूळ निर्णयाचा क्रमांक व दिनांक, मग परिच्छेद, मग ‘अमुक या ऐवजी तमुक असे वाचावे’ अशी रचना असते. ती रचना फाइलसाठी उत्तम आहे. मूळ निर्णय आणि शुद्धिपत्रक एकापुढे एक लावून वाचणारा कारकून तिचा वाचक. त्याला चुकीचा मजकूर अक्षर न् अक्षर हवा असतो, म्हणजे नेमके कुठे बदलायचे ते कळते. सोसायटीच्या बोर्डापुढे उभा असलेला माणूस मूळ नोटीस हातात घेऊन आलेला नसतो. त्याला एकच हवे असते: कधी आणि कुठे. एकाच कागदाला हे दोन्ही वाचक सांभाळायचे असतात. त्यामुळे क्रम फिरवावा लागतो. वर मोठ्या अक्षरात फक्त बरोबर माहिती, पूर्ण. खाली लहान अक्षरात संदर्भ, आणि चुकीची तारीख एकदाच, ज्याच्याकडे जुना कागद आहे त्याला ताळा जुळावा म्हणून. चुकीची तारीख गाळूनही चालत नाही. गाळली, तर हा जुन्या नोटिशीतला दोष आहे की दुसरीच एखादी सभा, हे कळत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी ‘शुद्धिपत्रक’ निघाले, वाटले गेले, आणि रात्री साडेनऊला दुसरा बॉम्ब फुटला. ग्रुपवर एकाने विचारले, “सभा शाळेच्या हॉलमध्ये आहे ना? पार्किंगची सोय काय?”

सभा शाळेच्या हॉलमध्ये नव्हती. ती 2024 साली तिथे होती. 2025 साठी समितीने सोसायटीचे क्लब हाऊस ठरवले होते. नोटिशीत स्थळही जुनेच राहिले होते, आणि तारीख दुरुस्त करण्याच्या घाईत कुणी त्याच्या खालची ओळ वाचली नव्हती.

चूक सापडली की डोळे तिच्यावरच खिळतात, हे सगळ्या लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून शुद्धिपत्रक लिहिण्याआधी एक काम करायचे असते, जे या सोसायटीने शुक्रवारी रात्री दहा वाजता केले. या वर्षीची नोटीस आणि गेल्या वर्षीची नोटीस शेजारी शेजारी ठेवली. एकाने मोठ्याने वाचले, दुसऱ्याने इतिवृत्ताशी ताडून पाहिले. खुणा बदललेल्या ओळींवर केल्या नाहीत, न बदललेल्या ओळींवर केल्या. गेल्या वर्षीशी तंतोतंत जुळणारी प्रत्येक ओळ संशयित. अशा आठ ओळी निघाल्या. सहा निर्दोष होत्या, त्या दरवर्षी तशाच असतात. सातवी स्थळाची. आठवी अशी होती: ‘हिशेबासंबंधी प्रश्न सभेपूर्वी सात दिवस, म्हणजे दि. 15 सप्टेंबरपर्यंत लेखी द्यावेत.’

तारीख चुकली की तिच्यावर टांगलेल्या इतर तारखाही चुकतात. 22 मधून सात वजा केले की 15. खरी सभा 21 ला, म्हणजे मुदत 14 ला संपायला हवी. इथे बराच खल झाला. हिशेब पाहणाऱ्या बाई म्हणाल्या, 14 करू नका. ज्याने आपली नोटीस वाचून 15 ला प्रश्न आणून दिला, त्याला तुम्ही उशीर झाला म्हणणार का? चूक आपली, एक दिवस त्याचा का कापायचा? ते सगळ्यांना पटले. दुरुस्तीने सभासदाचा हक्क कमी होत असेल, तर ती दुरुस्ती करायची नाही, जुनीच मुदत ठेवायची. पण ठेवली आहे, हे लिहायचे, नाहीतर लोक स्वतःच हिशेब करून 14 ठरवतात. कोरमच्या ओळीचेही तसेच. आदर्श उपविधींप्रमाणे गणसंख्या दोन तृतीयांश किंवा 20 यांपैकी जी कमी ती, म्हणजे इथे 20. तेवढे लोक अर्ध्या तासात जमले नाहीत, तर सभा तहकूब होऊन नोटिशीत दिलेल्या पुढच्या वेळी भरते. नोटिशीत ‘त्याच दिवशी, त्याच ठिकाणी’ असे शब्द असतात. दिवस आणि ठिकाण दोन्ही बदलले, की ‘त्याच’ म्हणजे कोणते, हा प्रश्न येतो. म्हणून तीही ओळ पुन्हा पूर्ण लिहायची.

दुसरे शुद्धिपत्रक शनिवारी सकाळी सातला तयार झाले. ते असे होते:

‘जा. क्र. 49/2025-26, दि. 6 सप्टेंबर 2025

वार्षिक सर्वसाधारण सभा
रविवार, दि. 21 सप्टेंबर 2025, सकाळी 10 वाजता
स्थळ: सोसायटीचे क्लब हाऊस, बी विंगच्या मागे, तळमजला

शुद्धिपत्रक क्र. 2. हे दि. 5 सप्टेंबरच्या शुद्धिपत्रकाच्या जागी वाचावे.

संस्थेच्या दि. 2 सप्टेंबर 2025 च्या नोटिशीत (जा. क्र. 46/2025-26) सभेची तारीख 22 सप्टेंबर आणि स्थळ शाळेचे सभागृह असे चुकून लिहिले गेले होते. व्यवस्थापक समितीच्या दि. 24 ऑगस्ट 2025 च्या बैठकीत ठरलेली तारीख व स्थळ वर दिल्याप्रमाणे आहे.

गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती रविवार, दि. 21 सप्टेंबर रोजी क्लब हाऊसमध्येच सकाळी 10.30 वाजता भरेल. हिशेबासंबंधी लेखी प्रश्न देण्याची मुदत 15 सप्टेंबर हीच राहील. विषयपत्रिका व नोटिशीतील बाकी मजकूर कायम आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

सचिव’

यात चार गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. दुसरे शुद्धिपत्रक पहिल्याला जोडलेले नाही, त्याची जागा घेते. नाहीतर माणसाला तीन कागद एकत्र वाचावे लागले असते. समितीच्या बैठकीची तारीख दिल्याने ‘मुद्दाम सोमवारी ठेवली’ या शंकेला न बोलता उत्तर मिळते. दिलगिरी एकदाच आहे, आणि कुणाच्या माथी काही मारलेले नाही. आणि ‘बाकी मजकूर कायम’ हे वाक्य, जे लहान दिसते पण त्याच्याशिवाय विषयपत्रिकेबद्दल नवा वाद उभा राहतो.

आता वाटप. बोर्डावरची जुनी नोटीस फाडायचा मोह होतो. ती फाडायची नसते आणि तिच्यावर पेनाने 22 चे 21 करायचेही नसते. खाडाखोड केलेला कागद उद्या कुणी फोटो काढून दाखवला, तर खाडाखोड कधी केली, हे कुणाला सांगता येत नाही. जुन्या नोटिशीवर आडवे ‘शुद्धिपत्रक क्र. 2 पाहा, दि. 6/9/2025’ असे लिहून सही केली आणि नवा कागद तिच्या वर, नजरेच्या उंचीला लावला. वॉचमनकडे पोच वही पुन्हा दिली. शुद्धिपत्रकाचे स्वतंत्र पान, पुन्हा सह्या. मूळ नोटिशीच्या सहीवर भागत नाही. उपनिबंधकांच्या कार्यालयात मूळ नोटीस पाठवली होती, म्हणून शुद्धिपत्रकाची प्रतही पाठवली. जिथे जिथे चूक पोचली, तिथे तिथे दुरुस्ती पोचली पाहिजे. हे नियमाच्या पुस्तकात शोधायची गरज नाही.

व्हॉट्सॲपचे तंत्र वेगळे आहे. तिथे पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांच्या आत सुधारता येतो आणि साधारण अडीच दिवसांच्या आत सगळ्यांसाठी पुसता येतो. पण तोवर पीडीएफ लोकांच्या फोनमध्ये उतरलेली असते आणि घरच्यांच्या ग्रुपवर गेलेली असते, ती काही पुसली जात नाही. ‘संदेश पुसला’ एवढीच खूण मागे राहते आणि ती बघून तिसऱ्या गटाला आणखी खाद्य मिळते. म्हणून जुना संदेश ठेवला, त्यालाच उत्तर देऊन नवी माहिती टाकली. फाइल उघडण्याआधीच तारीख व स्थळ दिसावे म्हणून ती ओळ संदेशातच लिहिली. फाइलचे नावही बदलले. पहिलीचे नाव `AGM_Notice_2025_final.pdf` होते. दुसरीचे `Shuddhipatrak2_AGM_21Sept_ClubHouse.pdf` ठेवले. फाइल पुढे ढकलली तरी तारीख आणि जागा नावातूनच दिसते.

बाहेरगावच्या पाच जणांना सचिवांनी स्वतः फोन केले. नागपूरच्या सभासदांना एक दिवस आधीची गाडी मिळाली. आरक्षण रद्द करण्याचे पैसे कुणी द्यायचे, हा विषय पुढच्या समिती बैठकीत निघाला आणि सोसायटीने ते दिले. माझ्या मते हे योग्यच झाले. दिलगिरीला शंभर-दोनशे रुपयांचा आधार असला, की ती खरी वाटते.

लग्नपत्रिकांच्या धंद्यात हे सगळे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पत्रिकेत मंगल कार्यालयाचा पत्ता चुकला, तर पत्रिका पुन्हा छापायला वेळ नसतो. मग चुकलेल्या ओळीच्या मापाची चिठ्ठी छापून ती नेमकी त्यावर चिकटवतात आणि गेलेल्या पत्रिकांसाठी घरातली माणसे वाटून घेऊन फोन करतात. स्थळाच्या चुकांमध्ये मात्र एक वेगळाच प्रकार असतो: पत्ता चूक नसतो, अपुरा असतो. ‘आचार्य अत्रे रंगमंदिर’ कल्याणातही आहे आणि पिंपरीतही. दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृह विलेपार्ल्यातही आहे आणि पणजीच्या कला अकादमीतही. शहर लिहिले नाही, तर ज्याला जे जवळचे, तो तिथे जातो. अशा वेळी ‘ऐवजी’ म्हणून चालत नाही, कारण आधीचे खोटे नव्हते. गाव, रस्ता आणि खूण जोडून स्पष्टीकरण द्यावे लागते. कंपन्यांच्या सभांना लागू असलेल्या सचिवीय मानक क्र. 2 मध्ये नोटिशीत स्थळाचा पूर्ण पत्ता, रस्त्याचा नकाशा आणि ठळक खूण द्यायला सांगितले आहे, ते उगाच नाही.

अपुऱ्या स्थळाची जगात गाजलेली फजिती 7 नोव्हेंबर 2020 ची. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर ट्रम्प यांच्या वकिलांची पत्रकार परिषद फिलाडेल्फियात ‘फोर सीझन्स’मध्ये होणार, असे खुद्द ट्रम्प यांनी ट्विट केले. लोकांनी अर्थातच पंचतारांकित हॉटेल समजले. मग दुरुस्ती आली: हॉटेल नव्हे, ‘फोर सीझन्स टोटल लँडस्केपिंग’, म्हणजे शहराच्या एका टोकाला असलेले बागकामाच्या व्यवसायाचे आवार. पण सगळ्यात नेमके स्पष्टीकरण हॉटेलने दिले: परिषद आमच्याकडे नाही आणि त्या कंपनीशी आमचा संबंध नाही. चुकीच्या स्थळाच्या मालकालाही त्रास होतो, त्याला कळवणे यजमानाचे काम असते, आणि यजमानाने ते केले नाही, तर तो स्वतः करतो. पुण्याच्या सोसायटीने शाळेत फोन करून कळवले, की 21 ला सकाळी कुणी सभेसाठी विचारत आले, तर सोसायटीत पाठवा. शाळेच्या शिपायाकडे एक प्रत दिली.

बदल आणि दुरुस्ती यांतला फरक सरकारी कागदातही पाहायला मिळाला, त्याच आठवड्यात. ईद-ए-मिलादची 5 सप्टेंबर, शुक्रवारची सुट्टी राज्य सरकारने मुंबई शहर व उपनगरासाठी सोमवार, 8 सप्टेंबरला नेली. बाकी जिल्ह्यांत ती 5 लाच राहिली. ही दुरुस्ती नव्हती, विसर्जनाच्या मिरवणुका लक्षात घेऊन केलेला बदल होता आणि तसाच जाहीर झाला. अशा सूचनेत तारखेइतकेच ‘कुणासाठी’ हे महत्त्वाचे. ते गाळून नुसता ‘सुट्टी आता 8 ला’ असा संदेश पुढे गेला, तर पुण्या-नागपूरच्या माणसाची एक सुट्टी हुकते.

या पद्धतीला मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. दुरुस्ती चौदा दिवसांत बसत नसेल, तर शुद्धिपत्रकाची कसरत करू नये. सभा रद्द करून नवी नोटीस काढावी. पुनर्विकासाचा निर्णय, कुणाला काढून टाकण्याचा ठराव, मोठा खर्च असा विषय असेल आणि कुणी आव्हान देण्याची शक्यता असेल, तर दिवस शिल्लक असले तरी नवी नोटीसच बरी. कंपनी कायद्यात चुकून एखाद्या सभासदाला नोटीस गेली नाही म्हणून सभा बेकायदा ठरत नाही, अशी तरतूद आहे. पण सगळ्यांनाच चुकीचा दिवस कळवणे ही वेगळी गोष्ट, तिथे ती ढाल पुढे करू नये. आणि एका नोटिशीला दोनपेक्षा जास्त शुद्धिपत्रके लागली, तर नोटीसच मागे घ्यावी.

21 तारखेला सर्वपित्री अमावास्या होती. काहींकडे श्राद्ध असल्याने ते उशिरा आले, पण साडेदहाच्या आत कोरम झाला. इतिवृत्ताची सुरुवात 2 सप्टेंबरची नोटीस, 5 आणि 6 सप्टेंबरची शुद्धिपत्रके आणि तिन्हीच्या पोचेची नोंद घेऊन झाली. एका सभासदाने नोटिशीबद्दल आक्षेप घेतला, सचिवांनी पोच वही आणि 24 ऑगस्टचे इतिवृत्त पुढे ठेवले, आणि विषय दोन मिनिटांत संपला. सोमवारी 22 ला सकाळी दहा ते अकरा समितीचा एक सदस्य क्लब हाऊसमध्ये बसून होता. कुणी आले नाही. पुढे सोसायटीने जुन्या नोटिशीवरून नवी करायची पद्धत बंद केली. आता कोऱ्या नमुन्यात तारीख, वार, स्थळ, वेळ आणि मुदती यांच्या जागा रिकाम्या असतात, आणि त्या इतिवृत्त पाहूनच भरल्या जातात.

ज्यांना पुढे नोटीस काढायची आहे, त्यांच्यासाठी: 2027 साली सप्टेंबरचा शेवटचा रविवार 26 तारखेला येतो. त्या दिवशी सभा ठेवायची असेल, तर नोटीस, आणि तिचे शुद्धिपत्रक लागले तर तेही, शनिवार 11 सप्टेंबरपर्यंत सभासदांच्या हाती पडायला हवे. तो शनिवार गणेशोत्सवात आहे, तेव्हा मसुदा ऑगस्टमध्येच वाचून घ्या.